हळकुंड मोडलं, खडू मोडला: संहितेतच ठरवलेला एक मॅच कट

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला व्यापारी पोत्यातनं एक हळकुंड उचलतो, दोन्ही अंगठ्यांनी मोडतो आणि आतला रंग बघतो. आमच्या चौदा मिनिटांच्या लघुपटातलं सहावं दृश्य या मोडण्यावर संपतं. सातव्यात त्याच शेतकऱ्याची मुलगी नोकरीसाठी नमुना पाठ देताना फळ्याजवळ खडू मोडते. एका मोडण्यावरून थेट तशाच दुसऱ्या मोडण्यावर नेणारा हा मॅच कट पडद्यावर दीड-दोन सेकंदांत उरकतो. कागदावर मात्र त्यासाठी तीन दृश्यं नव्यानं लिहावी लागली, आणि ती चित्रीकरणाआधीच लिहिली गेली म्हणून हा कट जमला.

पहिल्या खर्ड्यात सहावं दृश्य असं होतं: व्यापारी हळकुंड मोडतो, नाकाशी नेतो, दर बोलतो, बाप मान हलवतो. सातव्यात मुलगी शाळेच्या फाटकातून आत येते, शिपायाला विचारते, बाकावर बसून राहते आणि मग पाठ सुरू करते. म्हणजे दोन्ही मोडणी होत्या, पण त्यांच्या मध्ये दराचं बोलणं, फाटक, शिपाई आणि बाक. एडिटला बसल्यावर मधलं कापून टाकू, असं पटकन वाटतं. पण मधलं कापलं की दरही जातो. पुढे नवव्या दृश्यात बाप-लेकीचं फोनवर बोलणं आहे, आणि ते प्रेक्षकाला दर माहीत आहे असं धरून लिहिलेलं होतं. एडिटरच्या हातात तो फोन नव्यानं लिहिणं नसतं.

म्हणून क्रम उलटा धरला. सहावं दृश्य मोडण्यावरच थांबवलं, दर सांगितलाच नाही. सातव्यातलं फाटक, शिपाई, बाक सगळं काढलं. नवव्या दृश्यात लेक विचारते, “आप्पा, काय दर लागला?” आणि आप्पा उत्तराऐवजी विचारतात, “तुझा पाठ कसा झाला?” दोघांचीही उत्तरं अडकलेली. यार्डात माल पारखला जातोय आणि शाळेत माणूस, हे त्या एका जोडानं कळतं, आणि निकाल दोन्हीकडचा पुढे ढकलला जातो. मॅच कट अशी गोष्ट पुढे नेत नसेल तर साधा कट बरा.

हे तपासायला आम्ही एक जोड-वही केली होती. एकोणीस दृश्यं, म्हणजे अठरा सांधे. डाव्या पानावर प्रत्येक दृश्याचं शेवटचं वाक्य, उजव्या पानावर पुढच्याचं पहिलं, मधलं सगळं गाळून. एवढंच ओळीनं वाचलं की कुठे दोन चित्रं एकमेकांकडे बघतायत ते दिसतं. कुठे लागोपाठ चार दृश्यं दार उघडण्यानं सुरू होतायत तेही दिसतं; आमची होत होती. अठरांपैकी मॅच कट एकच ठेवला. दुसरा मोह होता हळद पॉलिश करणाऱ्या फिरत्या ढोलावरून एसटीच्या चाकावर जाण्याचा. आकार जुळतो, फिरणं जुळतं, ट्रेलरमध्ये शोभलं असतं. पण आप्पा पॉलिशला गेलेलेच नाहीत, आणि ते चाक लेकीबद्दल काही सांगत नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होण्याचा प्रकार. काढून टाकला.

संहितेत तो जोड शेवटी असा लिहिला:

दृश्य ६. मार्केट यार्ड, अडत्याचं दुकान. सकाळ.
…व्यापारी हळकुंड दोन्ही अंगठ्यांखाली धरतो. दाब देतो. आप्पांची नजर त्या अंगठ्यांवर.
कट्‌ असा आवाज.
मॅच कट
दृश्य ७. शाळा, वर्ग. सकाळ.
पिवळा खडू दोन तुकडे होऊन मुलीच्या बोटांत. तिच्यामागे कोरा फळा.

कोणती लेन्स, किती जवळून, हे यात नाही. ते लिहिलं की वाचणारा कॅमेऱ्यात अडकतो. वस्तू, कृती आणि आवाज एवढं बस्स. मोडण्याची सुरुवात वरच्या दृश्यात आहे, परिणाम खालच्या दृश्यात, आणि आवाज एकच लिहिलाय. हा शेवटचा मुद्दा पहिल्यांदा लिहिताना सुटला होता. तिथे आवाज दोनदा होता.

चूक कळली ती स्वयंपाकघरात. चित्रीकरणाच्या आधी हळकुंड आणि खडू घेऊन खिडकीशी फोनवर दोन्ही शॉट घेतले आणि फोनमध्येच जोडले. तासाभराचं काम, पण तीन गोष्टी उघड झाल्या. एक, चांगलं वाळलेलं हळकुंड दगडासारखं असतं. ते मोडायला ताकद लागते, हात थरथरतात, आणि मोडल्यावर खणखणीत आवाज येतो. खडू मात्र बोट लागताच तुटतो, आवाज फुसका. एकीकडे दीड सेकंदाचा दाब आणि दुसरीकडे क्षणात काम, म्हणजे हालचालीचा वेगच जुळत नाही. यावर उपाय सोपा निघाला. हळकुंडाला कॅमेऱ्याच्या उलट्या बाजूनं करवतीच्या पात्यानं बारीक खाच पाडायची म्हणजे ते ठरल्या वेळी मोडतं, आणि मुलीचं काम करणारीनं खडू लगेच न मोडता मनात दोन मोजेपर्यंत धरून ठेवायचा. खाच पाडलेली वीस हळकुंडं आणि खडूचा अख्खा खोका सोबत ठेवला, कारण प्रत्येक टेकला एक नग खर्ची पडतो.

दुसरी गोष्ट लांबीची. नवा खडू हळकुंडापेक्षा लांब दिसतो, त्यामुळे हातांमधलं अंतर वाढतं. साधारण सहा-सात सेंटिमीटरची हळकुंडं निवडली आणि खडू फळ्यावर झिजवून तेवढाच केला. शिक्षकाच्या हातात अर्धा झिजलेला खडू शोभतोही.

तिसरी गोष्ट नेमकी कुठे कापायचं याची. हालचालीवर कट करताना पुढच्या शॉटमध्ये दोन-तीन फ्रेम मागे जायचं, ही सवय एकाच दृश्यातल्या दोन शॉटना ठीक आहे. इथे वस्तू बदलतात. पहिल्या शॉटमध्ये मोडताना दिसलं आणि दुसऱ्यातही दिसलं, तर डोळ्याला दोनदा मोडलं असंच वाटतं, अडखळल्यासारखं. म्हणून पहिला शॉट तुकडे वेगळे होण्याआधीच्या फ्रेमवर सोडायचा आणि दुसरा तुकडे सुटल्या फ्रेमपासून धरायचा. आवाज फक्त हळकुंडाचा, कटच्या जागेवर, आणि त्याचं शेपूट खडूच्या चित्रावर. खडूचा स्वतःचा आवाज पूर्ण बंद. तरीही चित्रीकरणात दोन्ही शॉटमध्ये कृती सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्यायची, आणि आधी-नंतर तीन-तीन सेकंद जास्तीचे. ‘इथे तर कापणारच आहे’ म्हणून कॅमेरा लवकर बंद केला, तर एडिटरला एका फ्रेमचीही मोकळीक राहत नाही.

कुठला शॉट आधी घ्यायचा हेही वहीतच ठरलं. यार्डातली गर्दी, उजेड, पोत्यांची मांडणी आपल्या हातात नाही. वर्ग आपल्या हातात आहे. जे हातात नाही ते आधी घ्यायचं आणि दुसरं त्याच्यावर बेतायचं. यार्डातला निवडलेला शॉट मोडण्याच्या फ्रेमवर थांबवून मॉनिटरवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं आणि मार्करनं दोन अंगठे आणि मधली मोड यांची बाह्यरेषा काढली. वर्गात त्याच मॉनिटरवर तेच प्लास्टिक, तीच लेन्स, वस्तूपासून तेवढंच अंतर. मुलीचे हात त्या रेषेत बसले की झालं. हात लहान असतात, म्हणून बोटं जुळवत बसायचं नाही. प्रेक्षकाची नजर मोडीवर असते, ती मोड पडद्यावर त्याच जागी हवी. शॉट ४के मध्ये घेतले आणि टाइमलाइन १९२० बाय १०८० ची ठेवली, त्यामुळे नंतर थोडं सरकवायला, मोठं करायला जागा राहिली.

तरी एक चूक झालीच. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला आणि वर्गात ट्यूबलाइट चालू होती. पिवळा खडू किंचित हिरवट आला आणि कट खटकायला लागला. आकार जुळूनही रंग फुटला की डोळा आधी तेच पकडतो. रंगसंस्करणात बरंच सावरलं, पण त्या नादात मुलीच्या हाताची त्वचा लालसर झाली. ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात, दोन्हीकडे व्हाइट बॅलन्स हातानं ठरवून घेतलं असतं तर हे करावंच लागलं नसतं.

अशा कटनंतर सेकंदभर प्रेक्षकाला आपण कुठे आहोत ते कळत नाही. तेवढं चालतं, किंबहुना त्यातच मजा आहे. पण दुसरा शॉट लगेच जागा सांगणारा हवा. म्हणूनच संहितेत कोरा फळा लिहिलाय, आणि त्यानंतर मागच्या बाकावर बसलेले तीन परीक्षक. तिथे पुन्हा चेहऱ्याचा क्लोजअप लिहिला असता तर प्रेक्षक अर्धं दृश्य यार्डातच शोधत बसला असता.

उरलेल्या सतरा सांध्यांपैकी बहुतेक साधे कट आहेत. दहा-अकराचा सांधा आवाजाचा आहे: आप्पा रिकाम्या पोत्यांवर बसलेत आणि पुढच्या दृश्यातली शाळेची घंटा कटच्या आधी सुमारे पाऊण सेकंद ऐकू येते. पहिल्या खर्ड्यात तिथे सौदा चालू होता. पुकाऱ्याच्या गलक्यात घंटा बुडालीच असती, मिक्सिंगमध्ये कितीही वर काढली तरी. म्हणून दृश्याची वेळच बदलली. ‘सकाळ’ खोडून ‘दुपार, सौदे आटोपलेले’ असं लिहिलं, आणि यार्डातल्या त्या शांततेचा मिनिटभराचा नुसता आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा, अशी नोंद आवाजाच्या यादीत टाकली.

चित्रीकरणाच्या दिवशी जोड-वहीतल्या त्या दोन पानांची प्रत क्लॅप देणाऱ्याकडे होती. सहाव्या दृश्याच्या प्रत्येक टेकला तो शेरा लिहायचा: मोड कुठे आली, मध्ये की डावीकडे. नऊ टेकपैकी चारमध्ये हळकुंड टोकाशी तुटलं होतं. एडिटला ते चार आधीच बाजूला निघाले, आणि कट पहिल्याच दिवशी बसला.