नान्नजच्या माळावरची कथा : तिसऱ्या खर्ड्याची नोंद

तिसरा खर्डा उतरला. कथेचा सांगाडा बदललेला नाही. सुवर्णा सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे बार्शी रोडने मामाच्या गावी जाऊन माळावरच्या पक्ष्यांचे व्हिडिओ काढते. बघणारे थोडेच, पण त्यातले बरेच जण पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे. पुढे ती चालत्या टॅगच्या मागे लागते, या माणसांचा विश्वास जातो, आणि ती पुन्हा खरं वर्णन लिहू लागते. या खर्ड्यात मी ही सगळी घसरण फोनच्या पडद्यावरून उचलून माळावर आणली आहे.

त्यासाठी आधी पक्षी ठरवावा लागला. माळढोकाच्या नावावर तिने दुसरंच काहीतरी खपवायचं होतं, पण ते दुसरं क्षुल्लक असून चालणार नव्हतं. म्हणून धाविक घेतला. टिटवीहून लहान, डोक्यावर विटकरी टोपी, डोळ्यामागे पांढरी आणि काळी पट्टी, पाय पांढुरके. भराभर धावतो, एकदम थबकतो, पुढे झुकून किडा टिपतो आणि पुन्हा धावतो. गवत फार वाढलेलं त्याला चालत नाही, उघडा खडकाळ माळ लागतो. अंडी दोन-तीन, तीही उघड्या जमिनीवर आणि मातीत मिसळून जाणाऱ्या रंगाची. शेजारी उभं राहूनही दिसत नाहीत. कथेचं मधलं वळण मला याच अंड्यांनी दिलं.

माळढोकाची बाजू वाचकांना वेगळी सांगावी लागत नाही. नान्नजचं अभयारण्य 1979 सालचं, त्याच पक्ष्यासाठी झालेलं. आज तिथे माळढोक दिसणं इतकं दुर्मीळ आहे की नुसती अफवा उठली तरी लोक गाड्या काढतात. कथेत अशीच अफवा उठते, #माळढोक सगळीकडे फिरू लागतो, आणि सुवर्णाकडे त्याच आठवड्यात काढलेला धाविकाचा चांगला व्हिडिओ पडून असतो. ती शीर्षकात लिहिते, ‘नान्नजचा माळढोक परिसर, बघा कोण दिसलं!’ यातला एकही शब्द तसा खोटा नाही. खाली वर्णनात मात्र #माळढोक, #अभयारण्य, #दुर्मीळपक्षी, आणि धाविकाचं नाव कुठेच नाही.

इथे तांत्रिक बाजू नीट समजून घेतली, कारण आपल्यातले काही जण स्वतः चॅनेल चालवतात आणि चूक लगेच पकडतील. यूट्यूबवर टॅग दोन प्रकारचे. एक अपलोड करताना वेगळ्या चौकटीत भरायचे, जे बघणाऱ्याला दिसत नाहीत. शोधात त्यांचा वाटा अगदी कमी, नावाचं स्पेलिंग लोक चुकवतात तिथे थोडा उपयोग. दुसरे वर्णनात लिहिलेले हॅशटॅग, जे बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर येतात. साठाहून जास्त घातले तर यूट्यूब एकही धरत नाही. विषयाशी संबंध नसलेले घातले तर व्हिडिओ काढूनही टाकला जाऊ शकतो. सुवर्णाचं प्रकरण या दोन्हीत सरळ बसत नाही. माळ खरोखर नान्नजचा आहे, हॅशटॅग तीनच आहेत. नियम तिला पकडत नाही, माणसं पकडतात, आणि कथा मला तिथेच हवी होती.

पकडल्याची पहिली खूण आलेखात दिसते. किती जण किती वेळ थांबले ते दाखवणारी रेघ यूट्यूब स्टुडिओत असते. सुवर्णाच्या जुन्या व्हिडिओंत ती रेघ हळूहळू उतरते. शेवटापर्यंत थांबणारे बरेच असतात. या व्हिडिओला बघणारे कितीतरी पटींनी जास्त, पण रेघ पहिल्या अर्ध्या मिनिटातच कड्यावरून पडावी तशी खाली येते. माळढोक बघायला आलेला माणूस छोटा धाविक बघून निघून जातो. तिला वरचा मोठा आकडा दिसतो, खालची रेघ ती बघत नाही. पुढच्या दोन व्हिडिओंना ती असेच टॅग लावते. नोंदी ठेवणारे तिचे जुने प्रेक्षक काही बोलत नाहीत, फक्त तिचे दुवे आपल्या यादीत घेणं थांबवतात. ज्या वर्णनात पक्ष्याचं नाव, महिना आणि तालुका नाही, ती नोंद त्यांच्या काही कामाची नसते.

मग मामाचा फोन येतो. हा प्रसंग मी सगळ्यात जास्त वेळा लिहिला. सध्या असा आहे:

‘सुवर्णे, कुठं दिसला गं तुला माळढोक?’
‘मामा, तसं मी कुठं म्हणलंय?’
‘चौघं आले होते गाडी घेऊन. बांधापर्यंत रस्ता आहे, पुढं नाही. तरी घातली गाडी माळात. मी म्हणलं, इथं नाही माळढोक. तर तुझा व्हिडिओ दाखवला मला.’
‘कुठल्या बाजूनं घातली?’
‘बोरीच्या झाडाकडनं.’

बोरीच्या झाडाकडे काय होतं ते दोघांनाही माहीत आहे. अंडी फुटली की वाचली, हे मी सांगत नाही. मामा बघायला गेलेला नाही, कारण तो गेला तर आणखी एक पावलांची वाट तयार होईल. तो फक्त म्हणतो, ‘पुढच्या रविवारी येऊ नकोस.’ विश्वास गेला असं कुणी बोलायची मग गरज उरत नाही.

परतीचा भाग लिहिताना एक अडचण होती. अपलोड झालेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर दुसरा व्हिडिओ टाकता येत नाही. कापता येतो, शीर्षक-वर्णन-टॅग बदलता येतात. व्हिडिओ पुसून टाकणं तिला सोपं होतं, पण मग ज्यांनी तो इतरांना पाठवला होता त्यांना खरं काय ते कधीच कळलं नसतं. म्हणून ती व्हिडिओ ठेवते आणि वर्णन नव्याने लिहिते. ‘आणखी’ न दाबता फक्त सुरुवातीच्या ओळी दिसतात, त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचं तिथेच येतं:

‘या व्हिडिओत माळढोक नाही. आधी तसा टॅग लावला होता, तो काढला आहे. पक्षी : धाविक, जोडी. उत्तर सोलापूर तालुका, एप्रिल, सूर्योदयानंतर. दुरून, झूम करून. डोळ्यामागची पांढरी-काळी पट्टी आणि विटकरी टोपी यावरून ओळख. विणीचा काळ असल्याने नेमकी जागा दिलेली नाही.’

शेवटच्या वाक्यावर मी बराच थांबलो. प्रामाणिक वर्णन म्हणजे सगळंच सांगून टाकणं, असं सुवर्णालाही वाटू शकलं असतं, आणि मग तिने बोरीचं झाडही लिहिलं असतं. पण घरट्याची जागा लपवायची आणि लपवली आहे हे उघड सांगायचं, यात खोटं काही नाही. नोंद ठेवणाऱ्याला तालुका आणि महिना पुरतो. गाडी घेऊन निघालेल्याला त्यातून वाट सापडत नाही.

पुढच्या व्हिडिओत ती चंडोल दाखवते आणि वर्णनात लिहिते, ‘कुठला चंडोल ते नक्की ओळखता आलं नाही, पाठीचा आणि शेपटीचा फोटो व्हिडिओच्या शेवटी आहे.’ जुन्या प्रेक्षकांपैकी एक जण त्यावर नाव सुचवतो. एवढंच. बघणारे पुन्हा पहिल्याइतकेच थोडे आहेत आणि ते मी वाढवणार नाही.

मामाचा भाग अजून कच्चा आहे. तो तिला परत बोलावतो, पण कशावरून, ते जमलेलं नाही. सध्याच्या खर्ड्यात ती नवं वर्णन टाकण्याआधी त्याला फोनवर वाचून दाखवते आणि तो ‘जागेचं वगळ’ म्हणून एक शब्द काढायला लावतो. तो शब्द ‘ओढा’ ठेवायचा की ‘खाण’, हे माळावर एकदा जाऊन ठरवायचं आहे. विणीचा काळ सरल्यावर जाईन, ऐन दिवसांत नाही. तोवर चौथ्या खर्ड्यात आलेखाचा परिच्छेद निम्म्यावर आणतो.