३,२०० च्या टार्गेटमधे ३,१५० चा पंप बसला, तरी मी नको म्हणालो

बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका मध्यम कारखान्यात मी कॉस्टिंग बघतो, आमच्याकडं हायड्रॉलिकचे पार्ट बनतात. मागच्या वर्षी मालकांनी नवीन गियर पंप काढायचं ठरवलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला जॅक असतो ना, मुरूम नाहीतर शेणखत ओतायला ट्रॉली उचलणारा, त्याला तेल देणारा पंप. चिकोडी निपाणी भागात याला गिऱ्हाईक भरपूर आणि भाव बाजारानं आधीच ठरवलेला, आपण काय मागतो त्याला अर्थच नाही.

डिझाईन आणि मार्केटिंगवाल्यांनी मिळून एक शीट आणली होती. शेतकरी जीएसटी सोडून ५,००० देतो, त्यातलं २० टक्के डीलरचं, म्हणजे आमच्या हातात ४,०००. मालकांना विक्रीवर २० टक्के मार्जिन पायजे, ते ८०० गेले की उरले ३,२००. हेच टार्गेट कॉस्ट. इथं बरेच जण गोंधळ करतात, खर्चावर २० टक्के चढवतात, तसं केलं तर ३,३३३ पर्यंत खर्च चालेल असं दिसतं आणि पीसमागं १३३ रुपये कुठं गेले ते कळतच नाही. यांनी तो गोंधळ केला नव्हता, शीट बरोबर होती. आमचा अंदाजे उत्पादन खर्च ३,१५० येत होता, म्हणजे टार्गेटच्या आत, म्हणून मीटिंगला सगळे खुशीत बसलेले.

मी विचारलं, हा ४,००० भाव किती वर्षं टिकणार? मार्केटिंगवाला म्हणाला, पहिली दोन वर्षं टिकतोय की, नंतर बाकीचे लोक पण काढतील, तिसऱ्या वर्षी ३,८०० आणि चौथ्या वर्षी ३,६०० वर येणारच, त्यानंतर मॉडेल बदलावं लागेल. मग मी फळ्यावर चारही वर्षं मांडली. नग १,५००, ४,०००, ४,५०० आणि २,०००, मिळून १२,०००. भावानं गुणलं तर विक्री ६० लाख, १६० लाख, १७१ लाख आणि ७२ लाख, म्हणजे आयुष्यभराची ४६३ लाख. त्यावर २० टक्के मार्जिन ९२.६ लाख, उरले ३७०.४ लाख, पीसला साधारण ३,०८७. म्हणजे नुसता भाव पुढं उतरणार हे धरल्यावरच ३,२०० चं टार्गेट ११३ नं खाली आलं.

आणि त्या ३,०८७ मधून सगळंच उत्पादनाला मिळत नाही, ही दुसरी गोष्ट. डिझाईन, कास्टिंगचा पॅटर्न, फिक्स्चर, टेस्ट बेंच यात २४ लाख आधीच जाणार, एक पण पंप विकायच्या आधी, पीसला २००. वॉरंटी वेगळी. आमच्या जुन्या पंपाचा अनुभव धरला तर १०० मधे ४ परत येतात आणि एका तक्रारीला बदली पंप, मेकॅनिक, गाडीभाडं असं २,००० तरी जातं, म्हणजे विकलेल्या प्रत्येक पंपावर ८०. शेवटी मॉडेल बंद करताना राहिलेले स्पेअर, भंगारात जाणारा स्टॉक, त्याला २०. हे ३०० काढले तर शॉपफ्लोरला राहतात २,७८७. आपला खर्च ३,१५०. खड्डा ३६३ रुपयांचा.

मालक बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले "म्हणजे हे नकोच म्हणायलायस काय?" मी म्हणालो नाही मालक, ह्या ड्रॉईंगवर नको म्हणतोय. अजून पॅटर्न टाकला नव्हता, म्हणून बदल स्वस्त होता. एकदा पॅटर्न झाला, फिक्स्चर झालं की पुढं खरेदीवाल्यानं कितीही घासाघीस केली तरी पाच-दहा रुपयेच सुटतात, कारण किती वजनाचं कास्टिंग, किती सेटिंग, कुठला स्टील बार हे सगळं ड्रॉईंगमधे बसून गेलेलं असतं.

मग दोन दिवस आम्ही ड्रॉईंग घेऊन बसलो, मशीन शॉपच्या मामांना मुद्दाम बोलावलं, आणि पहिली मोठी गोष्ट त्यांनीच सांगितली. मागचं कव्हर आणि माउंटिंग फ्लँज दोन वेगळी कास्टिंग होती, ती एकच केली तर मशीनवर एक सेटिंग कमी होतंय म्हणाले. कास्टिंग ६४० वरून ५७५, मशीनिंग ५२० वरून ४३०, एकूण १५५ वाचले. दुसरं गियरचं. बार कापून टर्निंग करायचं धरलं होतं, त्यात महागडं स्टील बुरा होऊन जातं. फोर्जिंग ब्लँक घेतला तर पीसला १२० वाचतात, पण डायला १.२ लाख लागतात, १२,००० नगांवर १० रुपये, म्हणून खरी बचत ११०.

आणि मग सीलवर खरा वाद झाला. खरेदीवाल्यानं ४५ रुपयांनी स्वस्त ऑईल सील आणलं होतं, त्याच्या हिशोबात ती सरळ बचत. मी वॉरंटीची फाईल उघडली. परत आलेल्या पंपात बहुतेक वेळा शाफ्टकडून तेल गळती, रबर कडक होऊन सीलच्या ओठाला चिरा पडलेल्या, कारण उन्हाळ्यात दिवसभर मुरूम ओढताना तेल फार तापतं आणि साधं नायट्राईल रबर तिथं टिकत नाही. सर्व्हिसवाल्याचा अंदाज होता की स्वस्त सीलनं तक्रारी ४ वरून ७ टक्क्यांवर जातील, म्हणजे ४५ वाचवून वॉरंटीत ६० घालवायचे. उलट जास्त तापमान सोसणारं व्हायटॉनचं सील २५ नं महाग, पण तक्रारी २ टक्क्यांवर येतील असं त्यालाच वाटत होतं, तर वॉरंटी ८० ची ४० होते, निव्वळ १५ सुटतात. नुसत्या उत्पादन खर्चाच्या शीटमधे हे सील महाग दिसतं, चार वर्षांच्या शीटमधे स्वस्त. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त भिडते, कारण शेतात पंप बंद पडला की त्या माणसाचा ट्रॅक्टर, ड्रायव्हर, मजूर सगळं उभं राहतं आणि ते आमच्या कुठल्याच शीटमधे येत नाही.

तर १५५, ११० आणि १५, असे २८० भरून निघाले. ८३ राहिले. मालक म्हणाले उत्पादन सुरू झाल्यावर हळूहळू सुधारत नेऊ. ते होतं पण, त्याला कायझन कॉस्टिंग म्हणतात, टाकाऊ माल कमी, सेटिंगचा वेळ कमी. पण मी त्याला नाही म्हणालो, म्हणजे सुधारणा करायला नव्हे, आजच ते ८३ मिळाले असं लिहायला. कुठलं काम, कोण करणार, कधीपर्यंत, हे ठरलेलं नसताना आकडा भरला की तो टार्गेटच राहत नाही. शेवटी मालकांनी स्वतःच सांगितलं की तोपर्यंत मार्जिनच कमी धर. ८३ गुणिले १२,०००, साधारण १० लाख, म्हणजे मार्जिन २० ऐवजी १७.८ टक्के. त्यांनी ते बघून होकार दिला.

या हिशोबात एक कच्ची जागा आहे, नगांची. १२,००० हा मार्केटिंगचा अंदाज, ९,००० च गेले तर डाय धरून आधीचा २५.२ लाख खर्च पीसला २१० चा २८० होतो. शिवाय तो पैसा पहिल्या विक्रीच्या आधीच अडकतो, त्याचं व्याज मी वेगळं दाखवलं. म्हणून मालकांकडून एवढं लिहून घेतलं की दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एकूण ५,५०० नग गेले नसतील तर नवीन डाय, फिक्स्चर काही टाकायचं नाही, आधी शीट परत मांडायची.