आलेखातली घसरण

नवी मालिका सुरू करण्यापूर्वी तिच्या भागागणिक रेटिंगचा आलेख पाहण्याची मला सवय आहे. कथानक आधी कळलेले मला चालत नाही. पण जिला कित्येक रात्री द्यायच्या, ती मालिका चौथ्या-पाचव्या सीझनमध्ये ढेपाळते का, एवढी चौकशी रास्तच म्हणायला हवी.

आलेखातल्या प्रत्येक खड्ड्याला मात्र घाबरायचे नसते. 'ब्रेकिंग बॅड'च्या तिसऱ्या सीझनचा दहावा भाग आयएमडीबीवर 8च्या आसपास घुटमळतो, कारण जवळजवळ संपूर्ण भागभर दोन माणसे प्रयोगशाळेत शिरलेल्या एका माशीच्या मागे लागलेली असतात. कुणाला तो भाग कंटाळवाणा वाटतो, कुणाला अप्रतिम (मी दुसऱ्या गटातला). पुढे आलेख पुन्हा वर जातो आणि शेवटच्या सीझनमध्ये तर शिखर गाठतो. असा एकटा खड्डा प्रेक्षकांमधला रुचिभेद सांगतो, मालिकेची उतरण नव्हे.

'गेम ऑफ थ्रोन्स'ची गोष्ट वेगळी. सहाव्या सीझनचे शेवटचे दोन भाग 9.9पर्यंत पोहोचले होते. 2019 साली आलेल्या आठव्या सीझनचे पहिले तीन भाग मात्र साडेसात ते आठच्या दरम्यान राहिले, पुढचे दोन 6च्या आसपास आले आणि शेवटचा 4वर. येथे रेषा पुन्हा वर येतच नाही. शिवाय आठव्या सीझनपर्यंत टिकून राहिलेला प्रेक्षक मुळात मालिकेवर जीव असलेला असतो. ज्यांना ती आवडली नाही ते केव्हाच गळालेले असतात. त्यामुळे उत्तरार्धातले गुण एरवी थोडे फुगलेलेच असतात, आणि तरीही घसरण झाली तर ती दिसते त्याहून खोल समजावी. याच कारणाने पाचव्या सीझनमधला साडेआठ मी पहिल्या सीझनमधल्या साडेआठपेक्षा थोडा हलका धरतो.

त्या शेवटच्या 4मध्ये एकट्या त्या भागाचा दोष नाही. साऱ्या सीझनचा राग लोकांनी शेवटच्या भागावर काढला. उलट, सातव्या सीझनमध्ये पात्रे महिन्यांचा प्रवास एका दृश्यात उरकू लागली होती, पूर्वी सीझनला मिळणाऱ्या दहा भागांऐवजी सातांतच कथा उरकायची होती, आणि तरीही बहुतेक भागांचे रेटिंग 9च्या घरात राहिले. ड्रॅगन आगी लावत असताना अंतराचा हिशेब कोण मांडणार! लेखनाला लागलेली ही घाई आलेखावर एक सीझन उशिरा उमटली. म्हणून एखादी मालिका कुठे सोडायची हे आलेखावरून ठरवताना मी कोसळण्याच्या जागेवर न थांबता तिच्या आधीच्या पाच-सात भागांबद्दलची लेखी मतेही वाचतो. 9 गुण देणाऱ्यांच्या मजकुरातच कुरकुर आधी सुरू झालेली सापडते.