पंगत बसलेली असताना हॉलचं माप

मी टाइल्स बसवायची कामं घेतो. नागपुरात महाल भागातल्या एका जुन्या मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलचं काम माझ्याकडे होतं. लग्नसराई आटोपली की सुरू करायचं असं ठरलेलं. पण एका दुपारी मालक काकाजींचा फोन आला. त्यांनी पसंत केलेल्या टाइलच्या त्या लॉटच्या फक्त ६० पेट्या दुकानदाराकडे उरल्या होत्या, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि चार वाजेपर्यंत हो-नाही सांगायचं होतं. गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांतून नवा माल येईलही, पण पुढच्या लॉटची शेड हमखास थोडी वेगळी येते. एकाच हॉलमध्ये दोन शेड लागल्या की ट्यूबलाइटच्या उजेडात जोड लगेच दिसतो.

काकाजींचं म्हणणं होतं, ‘‘हॉल चाळीस बाय पंचवीस आहे, हजार फूट. वडिलांपासून हेच सांगून राहिलो आम्ही.’’ हजार फूट म्हणजे दहा ब्रास. तुटफूट आणि कटिंगचे पाच टक्के धरले तर दुकानदाराच्या हिशेबाने ६६ पेट्या लागणार होत्या. म्हणजे माल पुरणार नव्हता आणि सौदा सोडावा लागणार होता.

मी पोचलो तेव्हा हॉलमध्ये पंगत बसलेली. खाली हिरवी मॅट अंथरलेली, त्यामुळे जुन्या फरशा मोजून माप काढायची सोय नव्हती. लेझर मीटर खिशात होता, पण भिंतींपासून फूट-दीड फूट आत डेकोरेशनवाल्याचे पडदे. लेझर पडद्यापर्यंतचं अंतर दाखवतो आणि ते दोन दशांशांपर्यंत दाखवतो, म्हणून माणसाला खरं वाटतं. आजकालची पोरं तो आकडा बिनधास्त डायरीत लिहितात. मागे काय आहे ते बघत नाहीत. टेप ओढायचा तर जेवणाऱ्यांच्या पाठीवरून.

तेव्हा पावलांनी मोजायचं ठरवलं. हे अंदाजपंचे काम नाही, मात्र त्याला एक अट आहे. आपलं पाऊल किती फुटांचं आहे हे त्या दिवशी, त्या जमिनीवर, त्याच पायांनी तपासलेलं असलं पाहिजे. मोकळ्या रस्त्यावर माझं पाऊल अडीच फुटांचं पडतं. खोलीत ते कधीच तेवढं पडत नाही. भिंतीला टाच लावून उभ्याने निघतो तेव्हा पहिलं पाऊल आखूड पडतं, समोर भिंत आली की शेवटची एक-दोन पावलं आपोआप आवरली जातात. रस्त्यावर ही आखूड पावलं लांब अंतरात दिसेनाशी होतात. वीस-पंचवीस फुटांच्या खोलीत ती सगळा हिशेब खातात. चप्पल काढली की आणखी फरक पडतो.

हात धुवायच्या बेसिनजवळ मॅट नव्हती आणि तिथली जुनी मोझॅक फरशी उघडी होती. ती दहा-दहा इंची, टेप लावून खात्री केली. दोन फरशांमध्ये सांधा जवळजवळ नसतो, त्यामुळे ओळीने २४ फरशा म्हणजे वीस फूट. चपला दाराशी काढलेल्याच होत्या. पहिल्या फरशीच्या कडेला टाच लावली आणि नेहमीच्या चालीने, पावलं न लांबवता निघालो. मुद्दाम लांब पाऊल टाकणारा माणूस पाचव्या पावलाला दमतो आणि सरासरी बिघडवतो. टाचेपासून टाचेपर्यंत मोजत साडेआठ पावलं भरली. परत फिरून तेवढीच. म्हणजे त्या दुपारचं माझं पाऊल २.३५ फुटांचं.

लांबीसाठी हॉलच्या आत चालता येईना, म्हणून बाहेरच्या वऱ्हांड्यात गेलो. तो भिंतीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बरोबर हॉलएवढा आहे. सोळा पावलं भरली, ३७.६ फूट. पण हे माप बाहेरून बाहेर. दाराच्या चौकटीत हात घालून भिंतीची जाडी पाहिली, प्लास्टरसकट पंधरा इंच. जुनं दीड विटेचं बांधकाम. दोन्ही टोकांचे मिळून अडीच फूट वजा केले, आत राहिले ३५.१. रुंदीसाठी स्टेजच्या बाजूला पडद्यामागच्या बोळीतून गेलो. नऊ पावलं, आणि वर एक तळपाय व चार बोटं. उरलेल्या तुकड्यासाठी अर्धं पाऊल, पाव पाऊल असं नजरेने म्हणू नये. तळपाय लावावा, तो बदलत नाही. माझा अनवाणी तळपाय दहा इंच, चार बोटं तीन इंच. रुंदी २२.२ फूट.

क्षेत्रफळ आलं सुमारे ७८० फूट. हजार कुठे आणि हे कुठे! पण रुंदीतही भिंती मिळवल्या तर बाहेरून साधारण ३८ बाय २५ होतं. बाहेरच्या मापाला कोणीतरी गोल चाळीस केलं आणि तोच आकडा दोन पिढ्या सांगितला गेला. घरमालकांचे आकडे मला बहुतेक वेळा असेच, भिंतींसकट मिळतात.

आता चूक किती धरायची? माझं पाऊल तीन टक्क्यांनी चुकीचं असेल तर लांबी आणि रुंदी दोन्ही त्याच बाजूला चुकतात, म्हणून क्षेत्रफळात सहा टक्के धरायचे. वरची हद्द ८२६ फूट. त्यावर कटिंगचे पाच टक्के, ८६७. दुकानदार दोन बाय दोनची टाइल चार फूट धरून पेटीला सोळा फूट सांगतो. टाइल खरी ६०० बाय ६०० मिलिमीटर असते, चार टाइल्सच्या पेटीत साडेपंधरा फूटच येतात. मोठ्या कामात हा फरक दोन-तीन पेट्यांचा होतो आणि दोष मिस्त्रीवर येतो. साडेपंधराने भागलं तर ५६ पेट्या. स्कर्टिंग काळ्या ग्रॅनाइटचं ठरलं होतं, ते यात नाही.

म्हणजे सगळी चूक माझ्या विरुद्ध गेली तरी ६० पुरणार होत्या. काकाजी म्हणाले, ‘‘चालून चालून सांगून राहिले, नक्की न?’’ मी म्हटलं, ‘‘बिलासाठी टेपच लावीन. पण आज सवाल साठ पुरतील का एवढाच आहे, त्याचं उत्तर हो आहे.’’ त्यांनी तिथूनच दुकानात फोन लावला.

नंतर हॉल रिकामा झाला तेव्हा टेप लावला. लांबी ३५ फूट २ इंच. स्टेजच्या बाजूची रुंदी २२ फूट २ इंच, आणि समोरच्या टोकाला २२ फूट ७ इंच. हॉल शेवटाला रुंद होत गेला होता. क्षेत्रफळ ७८७ फूट.

डोक्यात घोळतं आहे ते हे पाच इंच. पंगतीमुळे समोरचं टोक मला चालता आलं नव्हतं. पण चाललो असतो तरी ते हाती लागलं असतं का? पाच इंच म्हणजे पावलाचा जेमतेम सहावा हिस्सा, तो साध्या चालीतच हरवतो. क्षेत्रफळात तो माझ्या सहा टक्क्यांत बसला. मात्र निमुळत्या हॉलमध्ये शेवटच्या ओळीची प्रत्येक टाइल वेगळ्या मापाची कापावी लागते, आणि ते पेट्यांच्या हिशेबात येतं. इथे अकरा अख्ख्या ओळी बसून वर उरलेली पट्टी सहा ते अकरा इंचांची होती, एका टाइलमधून दोन तुकडे निघाले. ती तेरा ते अठरा इंचांची असती तर प्रत्येक तुकड्याला एक टाइल गेली असती. त्या एका ओळीतच साधारण दोन पेट्या जास्त, आणि पाच टक्क्यांत तेवढी जागा नेहमी असतेच असं नाही. आता पेट्या सांगण्याआधी रुंदीला टाइलच्या मापाने भागून शेवटची पट्टी किती उरते ते बघतो. ती अर्ध्या टाइलच्या आसपास आली की पावलांवर हो म्हणत नाही, दोन्ही टोकांना टेप लागेपर्यंत थांबायला सांगतो.