माझ्या नावाखाली दुसऱ्याची वाक्ये

व्हिडिओ कॉल सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील. समोरच्या बाई हिशेबाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका लहान कंपनीचे मार्केटिंग सांभाळत होत्या आणि त्यांची अडचण नेमकी होती: लोक मोफत चाचणीसाठी नाव नोंदवतात, एकदा आत डोकावतात आणि पुन्हा फिरकत नाहीत, म्हणून नोंदणीनंतर जाणारी ईमेलमालिका नव्याने लिहून हवी होती. अगदी असेच काम मी वर्षभरापूर्वी केले असल्यामुळे मी निर्धास्त होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुमचे प्रोफाइल उघडलेलेच आहे, आपण एकत्रच पाहू या," आणि त्यांनी स्क्रीन शेअर केली. स्वतःचे लिंक्डइन प्रोफाइल दुसऱ्याच्या माऊसमागे जाऊन पाहण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

माझी ओळख करून देणारा मजकूर मी दोन संध्याकाळी घालवून लिहिला होता. त्याच्या वरच्या ओळी त्यांनी डोळ्यांखालून घातल्या, पुढचे उलगडून पाहिले नाही आणि त्या सरळ Featured या विभागावर येऊन थांबल्या. तिथे चित्रे असतात, त्यामुळे नजर तिथेच अडकते. पहिली चौकट एका अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राची होती. ते मी महिन्यापूर्वी टाकले होते, नवी गोष्ट आपोआप सर्वांत पुढे जाऊन बसली होती आणि क्रम बदलण्याचे माझ्या मनातही आले नव्हते. त्या चौकटीवर बाईंचा माऊस क्षणभरही रेंगाळला नाही.

दुसरी चौकट एका जुन्या ग्राहकाच्या संकेतस्थळाची होती. तिचे शीर्षक त्या स्थळावरून जसेच्या तसे उचलले गेले होते, म्हणजे कंपनीचे नाव आणि त्यापुढे "मुखपृष्ठ". यात माझे काम काय, हे त्यातून कुणालाही कळले नसते. त्यांनी दुवा उघडला आणि ठळक अक्षरांतले वाक्य मोठ्याने वाचले: "आपल्या व्यवसायाच्या सर्व गरजांसाठी एकमेव परिपूर्ण उपाय." मग जराशा थांबून त्यांनी विचारले, "हे तुम्ही लिहिले आहे?"

मी लिहिलेले वाक्य असे होते: "बिल पाठवा; नोंद आपोआप होईल." मधल्या काळात ग्राहकाने पान बदलले होते. त्यात काही गैर नाही, कारण पान त्यांचे आहे. पण माझ्या नावाखाली आता दुसऱ्याची वाक्ये उभी होती आणि नेमके जे वाक्य मी कुठल्याही ग्राहकाला खोडायला लावले असते, तेच माझा नमुना म्हणून वाचले जात होते. "माझे होते, पण आता बदलले आहे," हे उत्तर खरे असूनही ऐकायला सबबीसारखे वाटते. त्यांनी सभ्यपणे मान हलवली.

वर्षभरापूर्वीची जी ईमेलमालिका दाखवण्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ती चौथ्या चौकटीत होती. पुढच्या चौकटी पाहायला बाजूचा बाण दाबावा लागतो आणि त्यांनी तो दाबला नाही. मी सांगितल्यावर दाबला, तेव्हा चौदा पानांची पीडीएफ समोर आली. तिच्या पहिल्या पानावर ग्राहकाचे बोधचिन्ह आणि "प्रकल्प अहवाल" एवढेच होते. चौदा पाने कॉलवर कोण वाचणार? "सवडीने पाहते," असे म्हणून त्यांनी फाइल बंद केली आणि दहा मिनिटांत आमचे बोलणे आटोपले.

त्या संध्याकाळी मी आधी जुन्या ग्राहकाला पत्र लिहिले. गोपनीयतेच्या करारावर माझी सही होती, त्यामुळे चौदा पानांची ती फाइल तिथे ठेवण्यापूर्वीच मी परवानगी घ्यायला हवी होती, हेही तेव्हाच ध्यानात आले. उत्तर येईपर्यंत ती काढून टाकली. पत्रात मी तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या: ईमेलचा मजकूर दाखवू का, कंपनीचे नाव घेऊ का आणि परिणामांचे आकडे देऊ का. सरसकट "काम दाखवू का" असे विचारले, तर सावध माणूस सरसकट नकार देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दोन गोष्टींना होकार आला आणि आकड्यांना नकार.

आकड्यांशिवाय काम दाखवायचे म्हणजे मजकूरच बोलला पाहिजे. मी चार पानांची नवी पीडीएफ केली. चौकटीत पहिले पानच चित्र म्हणून दिसते, म्हणून त्यावर बोधचिन्हाऐवजी मोठ्या अक्षरांत एकच ओळ घातली: "नोंदणी केलेल्या माणसाला पहिले बिल पाठवायला लावणारा ईमेल." फोनवर ती ओळ वाचता येईना, तेव्हा अक्षरे आणखी मोठी केली.

दुसऱ्या पानावर त्यांचा जुना ईमेल ठेवला. त्याचा विषय "आमच्या परिवारात आपले स्वागत आहे" असा होता आणि खाली सात सुविधांची यादी व चार बटणे होती. तिसऱ्या पानावर माझा ईमेल, विषय "पहिले बिल पाठवायला दोनच गोष्टी लागतात", आणि खाली एकच बटण. चौथ्या पानावर कारण सांगितले. मदतकेंद्राकडे आलेले प्रश्न मी काम करताना वाचले होते आणि त्यांत पुन्हा पुन्हा एकच समज दिसत होता, की ग्राहकांची संपूर्ण यादी भरल्याशिवाय बिल करताच येत नाही. प्रत्यक्षात एका ग्राहकाचे नाव आणि एक रक्कम पुरेशी होती. म्हणून पहिल्या ईमेलला दुसरे कुठलेच काम दिले नाही. त्याच पानावर, ईमेल कधी जावेत हे कंपनीने ठरवले आणि मांडणी त्यांच्या डिझायनरची होती, हेही लिहिले. ते लिहिले नसते, तर पुढच्या कॉलवर कुणीतरी विचारलेच असते.

संकेतस्थळाच्या कामासाठी ग्राहकाचा चालू दुवा काढून टाकला. पान प्रसिद्ध झाले त्या दिवशीचे चित्र सुदैवाने माझ्याकडे होते. ग्राहकाच्या संमतीने ते तारखेसह माझ्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवले, त्याचा दुवा दिला आणि शीर्षक स्वतः लिहिले. इथे थोडा वेळ गेला, कारण मी पानाचे चित्र बदलले तरी चौकटीत जुनेच दिसत राहिले. लिंक्डइन दुव्याचे चित्र साठवून ठेवते. Post Inspector या त्यांच्याच साधनात पत्ता पुन्हा तपासून घेतला, चौकट काढून नव्याने जोडली, तेव्हा कुठे नवे चित्र आले.

प्रमाणपत्र त्याच्या हक्काच्या विभागात, म्हणजे Licenses & certifications मध्ये हलवले. तिसऱ्या जागेवर कामाच्या सवयींविषयीची माझी एक पोस्ट होती आणि तिला भरपूर दाद मिळाली होती. ती काढताना जिवावर आले, पण दाद देणारे बहुतेक माझ्यासारखेच लिहिणारे होते. काम देणारा त्यांत मला एकही आठवेना. ईमेल पहिल्या जागी, पान दुसऱ्या जागी, आणि तिसरी जागा मी रिकामीच ठेवली.

बाईंना नवा दुवा पाठवताना कालच्या गोंधळाचा उल्लेख एका ओळीत केला. दुपारी त्यांचे उत्तर आले: "एकच बटण ठेवलेत, मग बाकीच्या सहा सुविधा माणसाला कळणार कधी?" मी पुढच्या चार ईमेलांचा क्रम आणि प्रत्येकाचे एक-एक काम लिहून पाठवले.