सहा फोटोंतला चौथा

डेटिंग ॲपवरच्या प्रोफाइलमध्ये कुत्रा दिसला की बघणाऱ्याचा अंगठा थांबतो, हे खरं. पण थांबतो तो कुत्र्यापाशी. मग मेसेज येतो, ‘किती गोड! नाव काय?’ नाव सांगितलं की पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नाही.

हिंजसारख्या ॲपवर हे जास्त होतं, त्याचं कारण ॲपच्या रचनेतच आहे. तिथे सहा फोटो आणि तीन प्रश्नांची उत्तरं असतात, आणि लाइक अख्ख्या प्रोफाइलला न देता त्यातल्या एखाद्या फोटोला किंवा उत्तराला द्यावा लागतो. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याबद्दल काही लिहायला संकोच वाटतो. कुत्र्याबद्दल लिहायला कसला संकोच? त्यामुळे सगळे सोपी वाट धरतात. कुत्रा सहापैकी तीन फोटोंत असेल, तर माणसाबद्दल विचारायला कुणी उरतच नाही.

म्हणून कुत्र्याचा फोटो एकच ठेवावा, तोही तिसरा किंवा चौथा. पहिल्या फोटोत फक्त आपला चेहरा हवा. आणि कुत्र्याच्या त्या एका फोटोत विचारण्यासारखं आणखी काहीतरी असावं.

समजा सांगलीतली एक मुलगी आहे आणि तिच्याकडे जतकडचा कारवानी कुत्रा आहे. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा. हे जनावर पळताना बघावं, पण फोटोत ते पटकन फसतं. सेल्फी काढला तर फोनच्या रुंद लेन्सला जवळची वस्तू फुगवून दाखवायची खोडच असते. मग निम्म्या फोटोत नाक आणि मागे कुठेतरी मालकीण. कडक उन्हात काढला तर बरगड्या उठून दिसतात आणि ‘याला खायला घालत नाही का?’ हा प्रश्न ठरलेला. कारवानीची अंगकाठीच तशी असते, पण हे प्रत्येकाला कुठे समजावत बसायचं!

त्यापेक्षा फोटो मैत्रिणीला काढायला सांगावा. तिने दोन-तीन मीटर लांब उभं राहून 2x वर झूम करावं. जागा कृष्णेचा घाट, वेळ सकाळी ऊन कोवळं असताना, मागे 1929चा आयर्विन पूल. मुलीने पायरीवर बसावं, कुत्रा शेजारी उभा, म्हणजे दोघांची तोंडं साधारण एका उंचीवर येतात. कुत्र्याची बाजू कॅमेऱ्याकडे असली की त्याचा बांधा छान दिसतो. भाकरीचा तुकडा फोनच्या वर धरावा. एखादा विचित्र आवाज काढला की कान टवकारले जातात, पण ही युक्ती दोन-तीनदाच चालते, नंतर तो ढुंकून बघत नाही. म्हणून सलग फोटो आधी सुरू करावेत, आवाज मग काढावा. कुत्रा काळा असेल तर कॅमेरा सगळाच फोटो उजळवायला जातो आणि माणसाचा चेहरा पांढराफटक पडतो. अशा वेळी स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं, उजेड तिथे पक्का होतो.

एवढं जमलं की बघणाऱ्याला कुत्र्याखेरीज पूलही मिळतो. ‘सांगलीच्या का?’ या प्रश्नाला निदान उत्तराच्या पुढे वाट असते.

आता मजकूर. ‘डॉग मॉम. मोत्या माझं जग. तो आवडत नसेल तर पुढे जा’ असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. यात मोत्याची बाजू कळते, तिची काहीच कळत नाही, वर वाचणाऱ्याला दम दिलेला. हिंजवर एका उत्तराला 150 अक्षरं मिळतात. तेवढ्यात असं लिहिता येईल: ‘कारवानी पाळल्यावर कळलं की मी फार हळू पळते. तो पुढे जाऊन माझी वाट बघतो. पळायला सोबत हवी आहे, या वेळी माणसाची.’ कुत्रा आहेच, पण पळणं तिचं, स्वतःवर हसणंही तिचंच. उरलेल्या दोन उत्तरांत मोत्याला प्रवेश नाही.

एक मात्र आवर्जून टाळावं. ‘रोज सहाला आम्ही घाटावर असतो’ हे वाक्य वाचायला गोड आहे, पण एकटी मुलगी कधी आणि कुठे सापडेल, याचा तो पत्ता आहे. पूल दिसला तर हरकत नाही, तिथे सगळं गाव येतं. वेळ लिहू नये. घराचं फाटक, गाडीची नंबरप्लेट आणि पट्ट्याच्या बिल्ल्यावरचा फोन नंबरही फोटोत नको. बिल्ला झूम केल्यावर वाचता येतो.

कुत्रा शेजाऱ्यांचा असेल तर तसं फोटोखाली लिहून टाकावं. आणि स्वतःचा असेल, लग्नानंतरही सोबत येणार असेल, तर ते लपवू नये, मात्र त्याची जागा बायोत नाही. पहिल्या दोन-चार गप्पांत साधेपणाने सांगावं. समोरच्याला केसांची ॲलर्जी असेल किंवा त्याच्या घरी चालणार नसेल, तर ते तेव्हाच कळलेलं बरं.

दोनेक आठवड्यांनी आलेले लाइक उघडून बघावेत. प्रत्येक लाइक कशावर आलाय ते तिथे दिसतं. अजूनही सगळे मोत्यावरच असतील तर त्याला चौथ्यावरून सहाव्यावर न्यावं, आणि चौथ्या जागी तिचा पळण्याच्या बुटांतला, घामाघूम झालेला फोटो टाकावा.