माझा अनुभव: एसआयपी आणि विम्याची पोस्ट टाकण्याआधी

सोलापूरची गड्डा यात्रा संपली की आमच्या धंद्यात गडबड सुरू होते, मार्चपर्यंत टॅक्सवाले लोक विचारत राहतात. मी म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर आणि विमा एजंट अशी दोन्ही कामं करते, त्यामुळं यावेळी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि फेसबुकसाठी एक पोस्ट करायची ठरवली आणि नवी पेठेतल्या ओळखीच्या डिझायनरला सांगितलं. पोरानं तासाभरात पाठवली. वर माझा फोटो, खाली 'फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर', मधे मोठ्ठ्या पिवळ्या अक्षरात 'दरमहा ५,००० भरा, १५ वर्षांत २५ लाख नक्की मिळवा!' आणि अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरात बाजारातील जोखमीचं वाक्य.

पोरगं म्हणलं, "मॅडम, खाली डिस्क्लेमर टाकलंय की, आता काय प्रॉब्लेम?"

प्रॉब्लेम हाच. वर 'नक्की' लिहिलं आणि खाली जोखीम सांगितली म्हणून वरचं खोटं धुतलं जात नाही. २५ लाखांचा आकडा आला कुठून ते त्याला कॅल्क्युलेटरवर दाखवलं. १५ वर्षं सलग १२ टक्के धरले तर साधारण २५ लाख होतात, तेच ८ टक्के धरले तर साडेसतरा लाखांच्या आतच. भरलेले पैसे दोन्हीकडं ९ लाखच. म्हणजे फरक सगळा धरलेल्या टक्क्याचा, आणि तो टक्का पोस्टरवर कुठंच नाही! अ‍ॅम्फी म्हणजे म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना, तिची आचारसंहिता सरळ सांगते की योजनेच्या कागदपत्रात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर डिस्ट्रिब्युटरनं परताव्याचं आश्वासन द्यायचं नाही, सूचितही करायचं नाही. म्हणून 'नक्की'च्या जागी 'अंदाजे' घालून भागवण्यापेक्षा मी आकडाच काढला. तिथं लिहिलं, 'दरमहा थोडी रक्कम शिस्तीनं गुंतवायची असेल तर एसआयपी कशी चालते ते समजून घ्या. बाजार खाली गेला तर गुंतवणुकीची किंमत कमीही होऊ शकते.' पोरगं तोंड वाकडं करून म्हणलं, कोण फोन करणार हे वाचून. बरं, नाही करू देत.

मग नावाखालची ओळ. सेबीकडं गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी नाही तर डिस्ट्रिब्युटरनं स्वतःला अ‍ॅडव्हायझर म्हणवून घ्यायचं नसतं, गावात सगळे मॅडम सल्लागारच म्हणतात तो भाग वेगळा. तिथं 'अ‍ॅम्फी नोंदणीकृत म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर' आणि माझा एआरएन, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा नोंदणी नंबर घातला. फंडाचं नाव आणि लोगो मुद्दाम टाळले, कारण स्वतःच्या डिझाइनवर ते घालायचे तर त्या फंड कंपनीची आधी लेखी परवानगी लागते.

विम्याचं मी वेगळं पोस्टर केलं, दोन्ही एकत्र केलं की वाचणाऱ्याला एसआयपीपण विम्यासारखी पक्की वाटते. इथं मात्र गंमत आहे, विम्यात 'हमी' हा शब्द वापरता येतो, पण पॉलिसीत जेवढी लिहिलीय तेवढ्यालाच. पोस्टरवरची पॉलिसी बोनसवाली होती. विमा रक्कम ठरलेली, तीही हप्ते वेळेवर भरले आणि अटी पाळल्या तरच, पण पुढचा बोनस कंपनीच्या कामगिरीवर, त्याची हमी नाही. बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे पुढं किती मिळू शकेल ते दाखवणाऱ्या तक्त्यात, ४ टक्के आणि ८ टक्के धरून दाखवलेले आकडेसुद्धा फक्त समजण्यासाठी असतात, तेवढ्या ८ वाल्या रकान्याचाच फोटो पोस्ट केला की झाली फसवणूक. हे पोस्टर कंपनीच्या लेखी मंजुरीशिवाय टाकता येत नाही म्हणून मेल केली. उत्तर आलं की बोनसच्या वाक्यात 'हमी नाही' घाला, विक्रीआधी माहितीपत्रक काळजीपूर्वक वाचा ही ओळ मोठी करा. दोन्ही केलं, मग मंजुरीची मेल आली, ती पोस्टरसोबतच फोल्डरमध्ये ठेवलीय.

मधेच एका सोबत्यानं सुचवलं, "पहिल्या हप्त्यात सूट देतो म्हणून टाका की, लोक तुटून पडतील." विमा कायद्याच्या कलम ४१ नं कमिशनमधून सूट द्यायला आणि तशी ऑफर करायलाही बंदी आहे, १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खाली कुठलाही डिस्क्लेमर लावून ते चालत नाही.

इशारा मी कॅप्शनमध्ये ठेवला नाही, चित्रातच घेतला, कारण फॉरवर्ड करताना कॅप्शन गळतं आणि नुसतं चित्र फिरत राहतं. 'म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे, योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा' हे वाक्य पूर्ण, पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरात. पोस्टर माझ्याच साध्या फोनवर उघडून बघितलं, झूम न करता वाचता येईना, मग अक्षर वाढवायला लावलं आणि त्यासाठी माझा फोटो लहान केला.

टाकल्यावर पहिलाच मेसेज एका ओळखीच्या काकांचा, "ते सगळं ठीक आहे ओ, पण किती मिळतील ते सांगा." मी लिहिलं, "काका, आकडा सांगता येणार नाही, कमी-जास्त होऊ शकतं, मुद्दलसुद्धा खाली जाऊ शकतं. पैसे कधी लागणार आहेत ते आधी सांगा." त्यांना दोन वर्षांत मुलीच्या लग्नाला लागणार होते, तेव्हा इक्विटी फंडात घालू नका म्हणून तिथंच सांगितलं.